चित्र सुंदर आलं, पण आपल्या ब्रँडचं का वाटत नाही? संदर्भ-चित्रं आणि त्यांचं 'वजन' सोप्या भाषेत

लोणची, मसाले, साबण, उटणी, सरबतं विकणारे अनेक छोटे उद्योजक आता उत्पादनांची चित्रं एआयकडून करून घेतात. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. चित्र देखणं येतं, पण इन्स्टाग्रामच्या पानावर जुन्या फोटोंशेजारी ठेवलं की परक्या घरातलं वाटतं. मग कुणीतरी सल्ला देतं, "रेफरन्स इमेज टाक आणि वेट वाढव." वजन वाढवल्यावर दुसरीच अडचण उभी राहते. जुन्या फोटोतली वस्तूच नव्या चित्रात येऊन बसते.

असं का होतं आणि त्यावर काय करायचं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, सिंधुदुर्गात एक घरगुती उद्योग आहे. कोकम सरबत, आगळ आणि आमसुलं ही त्यांची जुनी उत्पादनं. फोटोंची धाटणी ठरलेली आहे: खाली जांभ्याचा चिरा, मागे शेवाळी रंगाची भिंत, डावीकडून येणारं सकाळचं कडक ऊन आणि बाटलीची लांब, ठळक सावली. आता त्यांना कैरीचं पन्हं बाजारात आणायचं आहे. बाटल्या छापून यायच्या आहेत, पण जाहिरात आधी हवी आहे.

## संदर्भ-चित्र म्हणजे काय?

एआयला आपण शब्दांत जी सूचना देतो ती प्रॉम्प्ट. तिच्यासोबत 'असं काहीतरी हवं' म्हणून जे चित्र जोडतो ते संदर्भ-चित्र. त्या चित्राचं किती ऐकायचं हे सांगणारा आकडा म्हणजे वजन.

शिंप्याकडे जुना सदरा नेऊन "असाच शिवा" म्हटलं, तर शिंपी विचारतो: माप असंच हवं, कापड असंच हवं, की कॉलर अशी हवी? एआय हे विचारत नाही. त्याला चित्रातलं सगळं एकदमच मिळतं. तुमच्या मनात 'ऊन आणि सावली अशी हवी' एवढंच असतं, पण फोटोत लालभडक कोकम सरबतही असतं. या दोहोंतलं तुमच्या ब्रँडचं रूप कोणतं आणि विकायची वस्तू कोणती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

## आत नेमकं काय घडतं?

मिडजर्नीसारख्या, एआयने चित्रं काढून देणाऱ्या कंपन्यांनी आपली आतली रचना उघड केलेली नाही. पण टेनसेंट कंपनीच्या संशोधकांनी 2023 मध्ये आयपी-अ‍ॅडॉप्टर नावाची पद्धत खुली केली. ती स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलसोबत वापरतात, आणि तिच्यावरून कल्पना चांगली येते.

संदर्भ-चित्र आधी लहान केलं जातं. मूळ पद्धतीत ते 224 बाय 224 ठिपक्यांच्या चौकोनात बसवतात आणि त्याचं आकड्यांच्या एका संचात रूपांतर करतात. या आकड्यांत प्रकाश, रंग, पोत आणि वस्तू सगळं मिसळलेलं असतं. नवं चित्र टप्प्याटप्प्याने घडत असताना प्रत्येक टप्प्यावर दोन सूचना येतात, एक शब्दांकडून आणि एक चित्राकडून. चित्राच्या सूचनेला वजनाने गुणून ती शब्दांच्या सूचनेत मिळवली जाते.

वजन म्हणजे एवढंच. तो आवाज कमीजास्त करणारा आकडा आहे, निवड करणारा नाही. वजन वाढवलं की ऊन आणि सावलीचा आवाज वाढतो, आणि त्याच प्रमाणात कोकमाच्या लाल रंगाचाही वाढतो. नको असलेली गोष्ट संदर्भातून नव्या चित्रात उतरते, तिला आपण इथे गळती म्हणू. ही गळती वजन कमी करून थोडी थांबते, पण मग धाटणीही फिकी होते. म्हणून बहुतेक अडचणींचं मूळ आकड्यात शोधण्याआधी आपण कोणतं चित्र दिलं आहे तिथे शोधावं.

त्या 224 ठिपक्यांमुळे आणखी दोन गोष्टी कळतात. लेबलवरची बारीक अक्षरं एवढ्या लहान चौकोनात उरतच नाहीत, त्यामुळे ती नव्या चित्रात नीट येण्याची आशा धरू नये. आणि उभ्या किंवा आडव्या फोटोचे कडेचे भाग चौकोन करताना कापले जाऊ शकतात. तुमची ठळक सावली नेमकी उजव्या कडेला असेल, तर एआयने ती पाहिलीच नाही असंही होऊ शकतं. फोटो आधी स्वतःच चौकोनी कापून देणं बरं.

## तीन वेगळी बटणं, तीन वेगळी कामं

मिडजर्नीच्या आवृत्ती 7 मध्ये संदर्भ देण्याच्या तीन वाटा आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच बिघडतं.

पहिली वाट म्हणजे चित्र प्रॉम्प्टचाच भाग म्हणून देणं. तिचं वजन `--iw`, 0 ते 3, आणि काही न लिहिल्यास 1. यात मांडणी, वस्तू, रंग सगळं उतरतं. दुसरी म्हणजे शैली-संदर्भ, `--sref`. त्याचं वजन `--sw`, 0 ते 1000, मुळात 100. हा वस्तू टाळून रंग, प्रकाश आणि पोत उचलण्याचा प्रयत्न करतो. तिसरी `--oref`, म्हणजे एखादी विशिष्ट वस्तू किंवा व्यक्ती नव्या चित्रात आणण्यासाठी. तिचं वजन `--ow`, 1 ते 1000, मुळात 100. इथे एकच चित्र देता येतं.

ब्रँडची धाटणी जुळवायची असेल तर आपल्याला लागते ती दुसरी वाट. प्रत्यक्षात बरेच जण जुना फोटो पहिल्या वाटेने देतात, कारण तिथे चित्र टाकणं सगळ्यात सोपं असतं. मग पन्ह्याच्या जागी कोकमाची तीच बाटली थोड्या फरकाने परत येते. असं झालं तर वजनाशी खेळत बसू नका, आधी वाट बदला. अडोबी फायरफ्लायमध्येही शैली आणि रचना यांचे संदर्भ वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकाची तीव्रता वेगळी ठरवता येते. नावं निराळी, तत्त्व तेच.

शैली-संदर्भ वस्तू टाळायचा 'प्रयत्न' करतो असं मी म्हटलं, कारण त्याला ते पूर्ण जमत नाही. कोकमाचा लाल रंग वस्तूचा की शैलीचा? सगळ्या संदर्भ-फोटोंत लाल असेल, तर एआय तो शैलीचाच धरतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर यात काही चूकही नाही.

## मग संदर्भ-चित्रं निवडायची कशी?

उत्तर इथेच आहे, त्यामुळे या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. जे सगळ्या संदर्भांत सारखं असतं ते शैली म्हणून उचललं जातं. जे प्रत्येकात वेगळं असतं ते एकमेकांना पुसट करतं. म्हणून ज्या गोष्टी ब्रँडच्या आहेत त्या सगळ्या चित्रांत सारख्या हव्यात, आणि ज्या उत्पादनाच्या आहेत त्या जितक्या वेगळ्या तितक्या चांगल्या.

आपल्या सिंधुदुर्गच्या उद्योगाची अडचण अशी की तिन्ही उत्पादनं कोकमाचीच. सरबत लाल, आगळ गडद लाल, आमसुलं काळपट लाल. म्हणजे लाल रंग प्रत्येक फोटोत आहे. यावर एक साधा उपाय आहे आणि तो फार कमी जण करतात. त्याच चिऱ्यावर, त्याच भिंतीपुढे, सकाळच्या त्याच उन्हात एक पांढरा कप ठेवून फोटो काढायचा. दुसरा फोटो रिकाम्या काचेच्या ग्लासचा, तिसरा स्टीलच्या पेल्याचा. बाटली नाही, सरबत नाही, रातांबे नाहीत. या फोटोंत ब्रँडचं सगळं रूप आहे आणि उत्पादन काहीच नाही. अर्ध्या तासात मोबाइलवर होणारं हे काम आहे. फक्त मोबाइलचं फिल्टर बंद ठेवायचं आणि आपण बाटली नेहमी ज्या उंचीवरून टिपतो त्याच उंचीवरून टिपायचं.

मग संदर्भात हे तीन फोटो आणि जुन्यांपैकी एखादा उत्तम फोटो, एवढं पुरे. दहा-पंधरा फोटो एकदम दिले तर त्यांची सरासरी निघते आणि सरासरीत सावलीची धार जाते. जुन्या फोटोंतून गणपतीतल्या किंवा दिवाळीतल्या सजावटीचे, वर 'सवलत' लिहिलेले, ढगाळ दिवशी काढलेले फोटो आधी बाजूला काढा.

कोणत्या चित्राचं जास्त ऐकायचं हेही सांगता येतं. चित्राच्या पत्त्यापुढे `::2` किंवा `::1` लिहिलं की संदर्भांचं आपसातलं प्रमाण ठरतं. इथे पांढऱ्या कपाच्या फोटोला दोन आणि कोकमाच्या फोटोला एक देणं शहाणपणाचं.

## वजनाचा आकडा ठरवायचा कसा?

अंदाजाने नाही, पायऱ्यांनी. प्रॉम्प्ट तोच ठेवायचा, संदर्भ तेच ठेवायचे आणि फक्त `--sw` बदलत जायचं: 50, 100, 200, 400. प्रत्येक चित्राची सुरुवात ज्या विस्कटलेल्या ठिपक्यांतून होते ती ठरवणारा आकडा म्हणजे `--seed`. तोही तोच ठेवला की तुलना निदान जवळपास सारख्या जमिनीवर होते. आज्ञा साधारण अशी. तिच्यात URL1 म्हणजे पांढऱ्या कपाच्या फोटोचा पत्ता, URL4 म्हणजे कोकमाच्या फोटोचा, आणि `--ar` म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण:

```
plain glass bottle and a steel tumbler of
pale yellow drink on a laterite stone slab
--sref URL1::2 URL2::1 URL3::1 URL4::1 --sw 100
--ar 4:5 --raw --stylize 50 --seed 2207
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, शब्दांत फक्त वस्तूचं वर्णन आहे. 'उबदार', 'सिनेमासारखं', 'आलिशान' असे शैलीचे शब्द टाकले तर ते संदर्भ-चित्राशी भांडतात, आणि मग वजन कितीही वाढवलं तरी मनासारखं होत नाही. दोन, `--raw` आणि `--stylize`. मिडजर्नीला स्वतःची एक आवड आहे. चकचकीत, नाट्यमय चित्रं तिच्यामुळे येतात. `--raw` लिहिलं आणि मुळात 100 असलेला `--stylize` खाली आणला की ही आवड जरा मागे सरते आणि तुमच्या संदर्भाला जागा मिळते. 'वजन लागूच पडत नाही' असं वाटतं तेव्हा कारण पुष्कळदा हेच असतं.

आता पायऱ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहायच्या. खालच्या वजनाला चिरा आहे पण ऊन कुठल्याही जाहिरातीतलं, असं दिसेल. वर जाताना सावली धारदार होईल, भिंत शेवाळी होईल. त्याच्याही वर गेल्यावर पन्ह्यात तांबडी झाक यायला लागेल किंवा कडेला रातांब्यासारखी गोल फळं उगवतील. ही गळती पहिल्यांदा दिसते त्याच्या एक पायरी खालचा आकडा हा तुमचा आकडा. तो 100 असेल की 200, हे तुमच्या संदर्भांवर अवलंबून आहे. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन काही उपयोग नाही.

## गळती डोळ्यांना दिसली नाही तर?

बारीक रंगछटा डोळा पटकन सवयीने सामावून घेतो, म्हणून मोजावं. मोजण्यासाठी जागा अशी निवडायची जी पांढरीच असायला हवी. पांढरा कप यासाठीही उपयोगी पडतो; मोजणीपुरता तो प्रॉम्प्टमध्येही लिहायचा. कोणत्याही फोटो-संपादन अ‍ॅपमधलं रंग टिपणारं ड्रॉपर कपाच्या उजळ बाजूवर ठेवलं की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात.

समजा, खऱ्या फोटोत कपाचे आकडे 236, 234, 230 आहेत. तिन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे पांढरा. एआयच्या चित्रात तोच कप 238, 226, 222 आला. लाल आणि हिरव्यातलं अंतर 2 होतं ते 12 झालं. कप गुलाबी झाला आहे. चित्र एकटं पाहताना हे कळणार नाही, पण शेजारी ठेवल्यावर 'काहीतरी वेगळं आहे' असं वाटेल.

एवढ्याशा फरकासाठी पुन्हा चित्रं काढत बसू नका. रंगाची शेवटची दुरुस्ती संपादनातच करावी. लाल थोडा उतरवायचा, कप पांढरा झाला की भिंत आणि चिराही बहुधा जागेवर येतात. प्रॉम्प्टमध्ये रंगाचा कोड लिहून तो तंतोतंत येईल असं समजू नये. एआय तो रंग मोजून लावत नाही.

## पन्ह्याचा रंग आणि लेबल: इथे एआयवर विसंबू नका

इंटरनेटवर आंब्याचं पेय म्हणजे बहुतेक वेळा पिकलेल्या आंब्याचा केशरी रस. 'कच्चा आंबा' लिहिलं तर पोपटी सरबत येण्याची शक्यता जास्त. आपलं पन्हं या दोन्हींतलं नाही. साखरेचं असेल तर फिकट पिवळसर, थोडं गढूळ. गुळाचं असेल तर तांबूस. वर वेलची आणि असलं तर केशर. म्हणून वरच्या आज्ञेत 'मँगो' शब्दच नाही, फक्त 'फिकट पिवळं पेय' आहे.

तरीही ग्राहकाला दाखवायचा ग्लास खरा असावा असं मला ठामपणे वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादनाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली जाते, हे आहेच. पण त्याहून साधी गोष्ट अशी की बाटली उघडल्यावर चित्रातला रंग दिसला नाही तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

लेबलचंही तसंच. एआय बाटलीवर जे देवनागरी लिहितं त्यात जोडाक्षरं मोडतात, मात्रा हरवतात. `--oref` ने बाटली दिली आणि `--ow` चढवला तर बाटलीचा आकार जवळ येतो, पण अक्षरं भरवशाची होत नाहीत. शिवाय ते वजन फार चढवलं की चित्र ताणल्यासारखं, बेढब दिसू लागतं. त्यामुळे रस्ता असा: एआयकडून फक्त देखावा काढून घ्यायचा, कोऱ्या बाटलीसह. खऱ्या बाटलीचा आणि ग्लासचा फोटो डावीकडून ऊन येईल असा काढायचा, कापायचा आणि कोऱ्या बाटलीच्या जागी बसवायचा. बाटल्या अजून छापून आल्या नसतील तर कोऱ्या बाटलीवर लेबलची छपाईची फाइल चढवायची.

जोड दिसतो तो बाटलीच्या तळाशी. बाटली चिऱ्याला टेकते तिथे एक बारीक, गडद रेघ असायला हवी. ती नसेल तर बाटली तरंगते. आणि खऱ्या बाटलीवरचा उजेडाचा पट्टा डावीकडे, पण देखाव्यातली सावलीही डावीकडेच, असं झालं तर कितीही सफाईने कापलं तरी चित्र खोटं दिसतं. कोरी बाटली काढून घेण्याचं कारणच हे. तिची सावली एआयने देखाव्याच्या उन्हाप्रमाणे आधीच टाकलेली असते.

## हे दुसऱ्याची नक्कल करणं नाही का?

स्वतःच्या ब्रँडची धाटणी पुढे नेणं ही नक्कल नाही. पण तेच बटण वापरून दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडचे फोटो `--sref` मध्ये टाकणंही तितकंच सोपं आहे, आणि तिथे मात्र थांबावं. ग्राहकाचा गोंधळ होईल इतकं रूप दुसऱ्यासारखं केलं तर तो दावा तुमच्यावर येतो, चित्र कोणत्या अ‍ॅपने काढलं याला फारसा अर्थ राहत नाही. खुद्द मिडजर्नीवरही डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी जून 2025 मध्ये अमेरिकेत कॉपीराइटचा खटला भरला आहे.

स्वतःच्या जुन्या फोटोंबाबतही एक गोष्ट तपासून घ्यावी. भारताच्या कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण फोटोग्राफरशी करार झाला असेल तर तो काय म्हणतो ते पाहा. ज्याच्या नजरेने तुमची धाटणी घडली त्याला एक फोन करून सांगणं मला तरी योग्य वाटतं.

## यापेक्षा स्वतःचं मॉडेलच का शिकवू नये?

लोरा नावाच्या पद्धतीने ते करता येतं. काही डझन फोटोंवर मॉडेलला थोडं जास्तीचं शिकवून तुमची धाटणी त्यात कायमची बसवतात. वर्षभरात शेकडो चित्रं लागत असतील तर विचार जरूर करा. मात्र तिथेही वरचाच नियम लागू होतो. सगळे फोटो कोकमाचे असतील तर मॉडेल कोकमच शिकेल, आणि तेव्हा गळती एखाद्या आकड्यात न राहता मॉडेलच्या आतच बसेल. तीन-चार उत्पादनांच्या उद्योगाला संदर्भ आणि वजन पुरतं.

ज्यांना स्वतःच्या संगणकावर आयपी-अ‍ॅडॉप्टर चालवता येतो त्यांना एक सोय जास्त मिळते. चित्र घडवणाऱ्या जाळ्याचे काही थर मांडणीशी जास्त निगडित असतात आणि काही शैलीशी, असं 2024 मध्ये इन्स्टंटस्टाइल या पद्धतीने दाखवलं. त्यामुळे फक्त शैलीच्या थरांना वजन देऊन बाकीच्यांना शून्य ठेवता येतं. गळती त्याने बरीच घटते, तरी रंगाची गळती पूर्ण जात नाही. पांढऱ्या कपाचा फोटो तिथेही लागतोच.

## जमलं की काय जपून ठेवायचं?

फक्त चित्र जपून भागत नाही. संदर्भाचे मूळ फोटो, पूर्ण आज्ञा, आकडे आणि मिडजर्नीची आवृत्ती एका फोल्डरमध्ये ठेवा. आवृत्ती बदलली की त्याच वजनाचा परिणाम बदलतो. आवृत्ती 7 मध्येच शैली-संदर्भाची पद्धत मध्यंतरी बदलली आणि जुन्या पद्धतीसाठी `--sv 4` असं वेगळं लिहावं लागू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात करवंदाचं सरबत आणायचं ठरलं, तर पायऱ्यांची चाचणी पुन्हा करा. संदर्भ तेच चालतील, आकडा कदाचित नाही. करवंदाचा जांभळट लाल कोकमाच्या लालच्या इतका जवळ आहे की या वेळी गळती डोळ्यांना कळणारच नाही, तेव्हा कपाचे आकडे आधी मोजा.